कोणाचे किती तास आणि केव्हापासून: विभागीय सभेच्या इतिवृत्ताविषयी

“वेळापत्रकावर सविस्तर चर्चा झाली. कार्यभाराचे वाटप सर्वानुमते मंजूर करण्यात आले. परीक्षेच्या पर्यवेक्षणासाठी सर्वांनी सहकार्य करावे असे ठरले.” महाराष्ट्रातल्या पुष्कळ महाविद्यालयांत विभागाची इतिवृत्त नोंदवही उघडली की ही तीन वाक्ये हमखास भेटतात. वर्ष बदलते, विभागप्रमुख बदलतात, वाक्ये तीच राहतात. त्यांत खोटे काही नाही. पण आठ वर्षांनी कोणी विचारले की त्या सत्रात द्वितीय वर्षाची तिसरी तुकडी कोण घेत होते आणि कोणत्या तारखेपासून, तर ही तीन वाक्ये मिळून त्याचे उत्तर देत नाहीत. आणि असे विचारणारे येतातच: लेखापरीक्षक येतात, सहसंचालक कार्यालय येते, पदोन्नतीची छाननी समिती येते. कधी आपलाच सहकारी येतो, कारण त्याच्या सेवापुस्तकातली एखादी गोष्ट अडलेली असते.

ही पुस्तिका त्या उत्तरासाठी आहे. तिच्यात विभागीय सभेच्या इतिवृत्ताचे नमुने आहेत आणि ते वेळापत्रक, पर्यवेक्षण व कार्यभार या तीनच विषयांपुरते मर्यादित आहेत. विभागात सहली, व्याख्याने, ग्रंथखरेदी असे इतरही विषय निघतात, पण त्यांची नोंद थोडी सैल राहिली तरी कोणाचे फारसे बिघडत नाही. या तीन विषयांत बिघडते, कारण तिन्हींमध्ये माणसाच्या त्याच त्या तासांची विभागणी होत असते. मंगळवारी अकरा वाजता जो प्रयोगशाळेत आहे, तो त्याच वेळी परीक्षेच्या वर्गात उभा राहू शकत नाही. कार्यभार ठरला की वेळापत्रक त्यातून निघते आणि परीक्षा आली की पर्यवेक्षण त्याच वेळापत्रकाला छेद देते. म्हणून तिन्ही नोंदी एकमेकींशी ताडून पाहता आल्या पाहिजेत.

सुरुवात कार्यभारापासून करतो, कारण उरलेले दोन्ही विषय त्यावर उभे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाने १४ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते. हे आकडे सर्वांना पाठ आहेत. घोटाळा होतो तो ‘तास’ म्हणजे काय, इथे. मुंबई विद्यापीठाच्या परिसरात ४८ मिनिटांची तासिका अनेक वर्षे चालत आली. घड्याळी १६ तास म्हणजे ९६० मिनिटे, म्हणजे अशा २० तासिका. सहयोगी प्राध्यापकाच्या १४ तासांच्या तासिका होतात साडेसतरा. एखाद्या इतिवृत्तात नुसते “१६” लिहिले असेल तर तो आकडा घड्याळी तासांचा की तासिकांचा, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही आणि वाद सुरू होतो तो तिथूनच. तीच गत प्रात्यक्षिकांची. प्रात्यक्षिकाचा तास व्याख्यानाच्या तासाइतका धरला की नाही, हे वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या रीतीने झालेले आहे. म्हणून माझा आग्रह असा की कार्यभाराच्या नोंदीची पहिली ओळ नेहमी मोजमापाची असावी: तासिका किती मिनिटांची, प्रात्यक्षिकाची तुकडी किती विद्यार्थ्यांची, प्रात्यक्षिकाचा तास कसा धरला आणि हे कोणत्या परिपत्रकाच्या आधारे. परिपत्रकाचा क्रमांक व दिनांक लिहिल्याशिवाय ही ओळ पुरी होत नाही.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. पुस्तिकेतले पुढचे बरेच नमुने त्यावरच बेतले आहेत. रसायनशास्त्राचा एक विभाग आहे. मंजूर पदे चार, त्यांतले एक रिक्त. भरलेल्या तिघांत एक सहयोगी प्राध्यापक व दोन सहायक प्राध्यापक. म्हणजे उपलब्ध अध्यापन १४ अधिक १६ अधिक १६, एकूण ४६ तास. तासिका ६० मिनिटांची, प्रात्यक्षिकाची तुकडी २० जणांची आणि प्रात्यक्षिकाचा तास पूर्ण धरलेला. श्रेयांक पद्धतीत व्याख्यानाच्या एका श्रेयांकाला सत्रात १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास असतात. सत्र १५ आठवड्यांचे धरले तर दोन श्रेयांकांच्या प्रात्यक्षिकाला प्रत्येक तुकडीमागे आठवड्याला चार तास लागतात.

प्रथम वर्षाला सत्राच्या आरंभी ८२ विद्यार्थी आहेत. वीस-वीसच्या चार तुकड्या भरून दोघे उरतात, म्हणून तुकड्या पाच. त्यांचे २० तास आणि व्याख्यानांचे दोन, असे २२. द्वितीय वर्षाला ५२ विद्यार्थी, म्हणजे तीन तुकड्यांचे १२ तास, व्याख्यानांचे चार, एकूण १६. तृतीय वर्षाला ३४ विद्यार्थी, दोन तुकड्या. दर तुकडीला प्रात्यक्षिकाचे आठ तास म्हणजे १६, व्याख्यानांचे आठ, एकूण २४. तिन्ही वर्षांची बेरीज ६२ तास. त्यातून ४६ वजा केले की १६ तास उरतात. हे १६ तास रिक्त पदाचे, आणि ते तासिका तत्त्वावरील अध्यापकाकडे जातात.

इथपर्यंतचे गणित बहुतेक विभाग करतात, पण ते कच्च्या कागदावर करतात आणि इतिवृत्तात फक्त निष्कर्ष उतरवतात. हे गणितच इतिवृत्तात असले पाहिजे असे मी म्हणतो. त्याचे कारण जुलै-ऑगस्टमध्ये दिसते. विज्ञान शाखेच्या प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेली काही मुले अभियांत्रिकीच्या आणि औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशफेऱ्यांत नंबर लागला की प्रवेश रद्द करून जातात. आपल्या विभागात अशी चार मुले गेली असे धरू. ८२ चे ७८ झाले. तुकड्या पाचाच्या चार झाल्या आणि आठवड्याचे चार तास एकदम गळून पडले. एकूण कार्यभार ५८ वर आला. तिघा पूर्णवेळ शिक्षकांचे ४६ तास भरलेच पाहिजेत, तेव्हा ही घट रिक्त पदाच्या खात्यातून जाते: १६ चे १२ होतात. बंद झालेली तुकडी सहायक प्राध्यापक ‘ब’ यांच्याकडे होती. त्यांचे १६ भरण्यासाठी तृतीय वर्षाच्या प्रात्यक्षिकाचे चार तास तासिका तत्त्वावरील अध्यापकाकडून त्यांच्याकडे आले.

या फेरबदलाची सभा झाली, सर्वांना बदल कळला, वर्ग सुरळीत चालले. इतिवृत्तात मात्र “प्रथम वर्षाच्या तुकड्यांची पुनर्रचना करण्यात आली” एवढेच लिहिले गेले. तासिका तत्त्वावरील अध्यापकाचे देयक तपासताना वेळापत्रक पाहिले जाते आणि वेळापत्रकाला आधार इतिवृत्ताचा असतो. तारीख लिहिलेली नसल्यामुळे कोणत्या आठवड्यापर्यंत १६ तास आणि कुठून पुढे १२, हे ठरवता येत नाही. देयकावर आक्षेप लागतो. ज्याचे पोट त्या मानधनावर चालते, त्याचे पैसे सगळ्यांत आधी अडकतात. आपल्या एका अपुऱ्या ओळीची किंमत विभागातल्या सर्वांत कमी सुरक्षित माणसाने मोजावी, हे मला पटत नाही.

तीच नोंद कशी हवी, ते लिहितो: “प्रथम वर्षाची विद्यार्थिसंख्या प्रवेश रद्द झाल्यामुळे ८२ वरून ७८ झाली (कार्यालयाची यादी, परिशिष्ट अ). त्यामुळे प्रात्यक्षिकाच्या तुकड्या ५ ऐवजी ४ झाल्या व विभागाचा साप्ताहिक कार्यभार ६२ वरून ५८ तास झाला. तुकडी क्र. ५ बंद झाल्याने प्रा. ब यांचे कमी झालेले ४ तास तृतीय वर्षाच्या तुकडी क्र. २ च्या प्रात्यक्षिकातून देण्याचे ठरले. तासिका तत्त्वावरील अध्यापकाचा कार्यभार १६ वरून १२ तास झाला. हा बदल सोमवार, दि. १२ ऑगस्टपासून लागू करावा, अशी प्राचार्यांकडे शिफारस करण्यात येत आहे.” पाच वाक्ये आहेत. कारण, आकडा, व्यक्ती, तारीख आणि अधिकार, या पाचही गोष्टी त्यांत आहेत.

शेवटच्या वाक्यातल्या ‘शिफारस’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. विभागाची सभा कार्यभार सुचवते आणि प्राचार्य तो मान्य करतात. अनुदानित पदाच्या कार्यभाराची तपासणी पुढे सहसंचालक कार्यालयात होते. विभागाने “मंजूर करण्यात आले” असे लिहिले, तर ज्याचा अधिकार नाही ते केल्याची नोंद आपल्याच हाताने होते. प्राचार्यांची मान्यता आल्यावर पुढच्या सभेत तिचा जावक क्रमांक व दिनांक नोंदवला की साखळी पुरी होते.

कार्यभाराच्या नोंदीचा दुसरा उपयोग फार उशिरा समोर येतो, म्हणून तो दुर्लक्षित राहतो. २०१८ च्या विनियमांत शिक्षकाच्या पदोन्नतीसाठी अध्यापनाचे मूल्यमापन टक्केवारीने होते: घेतलेल्या तासिका भागिले नेमून दिलेल्या तासिका. ८० टक्के व त्याहून अधिक असेल तर ‘चांगले’, ७० ते ८० च्या दरम्यान ‘समाधानकारक’ आणि ७० च्या खाली ‘असमाधानकारक’. अंश हजेरीपटातून मिळतो. छेद मात्र इतिवृत्तातून येतो. एका सहायक प्राध्यापकाला सत्रात १६ गुणिले १५, म्हणजे २४० तास नेमून दिले होते. मध्ये चार आठवडे तो वैद्यकीय रजेवर होता आणि त्या काळातले ६४ तास सहकाऱ्यांनी वाटून घेतले. परतल्यावर धरून त्याने एकूण १५० तास घेतले. छेद २४० राहिला तर ६२.५ टक्के होतात आणि शेरा ‘असमाधानकारक’. रजेचा काळ मूल्यमापनातून वगळावा असे विनियमच सांगतात. तो वगळला की छेद १७६ होतो, टक्केवारी ८५ च्या वर जाते आणि शेरा बदलतो. रजा होती हे रजेच्या कागदांवरून सिद्ध होईल. त्या आठवड्यांत त्याच्या नावावर किती तास होते आणि ते कोणी घेतले, हे फक्त त्या वेळच्या विभागीय इतिवृत्तात सापडू शकते. पदोन्नतीचा अर्ज तीन ते सहा वर्षांची माहिती मागतो. तोवर त्या सभेला हजर असलेले निम्मे लोक निवृत्त झालेले असतात.

वेळापत्रकाविषयी थोडक्यात सांगतो, कारण खुद्द वेळापत्रक इतिवृत्तात उतरवायचे नसतेच. ते परिशिष्ट म्हणून जोडायचे. इतिवृत्तात तीन गोष्टी याव्यात. पहिली, आवृत्ती क्रमांक आणि लागू होण्याची तारीख. एका सत्रात वेळापत्रक दोन-तीनदा बदलते, आणि सूचनाफलकावर दुसरी आवृत्ती, संगणकात तिसरी, तर हजेरीपटावर पहिलीच, असे चित्र मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. नवी आवृत्ती लागू करताना “आवृत्ती २ या तारखेपासून रद्द” हेही लिहावे लागते. दुसरी गोष्ट, विभागाच्या हाताबाहेरच्या वेळा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे संलग्न महाविद्यालयांत २०२४–२५ पासून नवी रचना आली आणि खुले वैकल्पिक विषय शाखांच्या सीमा ओलांडून निवडता येऊ लागले. त्यांच्या तासिका सगळ्या महाविद्यालयाला सामायिक, म्हणून त्या वेळा मध्यवर्ती वेळापत्रक समिती ठरवते आणि विभागाला उरलेल्या जागेत आपले बसवावे लागते. त्या वेळा कोणत्या पत्राने कळवल्या, हे नोंदवले म्हणजे प्रयोगशाळा दुपारी चार वाजता का लावली याचे कारण नंतर शोधावे लागत नाही. तिसरी गोष्ट प्रयोगशाळेची क्षमता. एकाच प्रयोगशाळेत एका वेळी किती तुकड्या बसतात यावरच विज्ञान विभागाचे सगळे वेळापत्रक ठरते, आणि ही साधी माहिती इतिवृत्तात जवळजवळ कधीच नसते.

पर्यवेक्षणाकडे येऊ. परीक्षेच्या कामात साहाय्य करणे हे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार शिक्षकाचे बंधनकारक कर्तव्य आहे, तेव्हा “सहकार्य करावे” ही भाषा इथे मुळातच चुकीची आहे. सभेपुढचा प्रश्न असतो वाटपाचा. आपल्याच विभागाचे उदाहरण पुढे नेऊ. परीक्षा नऊ दिवस, रोज दोन सत्रे, आणि परीक्षा विभागाने प्रत्येक सत्रासाठी रसायनशास्त्राकडून दोन कनिष्ठ पर्यवेक्षक मागितले. एकूण ३६ पाळ्या. सहयोगी प्राध्यापकांची वरिष्ठ पर्यवेक्षक म्हणून नेमणूक झाली, म्हणून त्या पाळ्या उरलेल्या तिघांत, म्हणजे दोन सहायक प्राध्यापक व तासिका तत्त्वावरील अध्यापक यांच्यात, वाटायच्या. सरळ भागाकाराने प्रत्येकी बारा येतात. पण दुसरे सहायक प्राध्यापक ‘अ’ ज्या वर्गाला शिकवतात त्या वर्गाचे रसायनशास्त्राचे पेपर मधल्या दिवसांत आहेत. आपल्या विषयाच्या पेपरला त्या शिक्षकाला वर्गावर नेमू नये, ही पद्धत बहुतेक केंद्रांवर पाळतात. प्रश्नपत्रिकेत काही अडले तर विचारायला तो मोकळा असणेही सोयीचे असते. त्यामुळे ‘अ’ यांना दहा आणि बाकीच्या दोघांना तेरा-तेरा पाळ्या आल्या.

दहा आणि तेरा हा फरक कागदावर कारणाशिवाय राहिला की विभागात खदखद सुरू होते. वर्षभरात ती आणखी वाढते, कारण पुढच्या परीक्षेला मागची विषमता कोणालाच नेमकी आठवत नाही. प्रत्येकजण आपल्या तेरा पाळ्या लक्षात ठेवतो आणि दुसऱ्याच्या विसरतो. यावर एक साधा उपाय आहे. इतिवृत्तात पाळ्यांची शिल्लक लिहावी: सरासरीपेक्षा ‘अ’ यांच्या दोन कमी, बाकीच्यांची प्रत्येकी एक जास्त, आणि ही शिल्लक पुढील सत्राच्या वाटपात विचारात घ्यावी. पुढच्या सभेत पर्यवेक्षणाचा विषय आला की आधी हीच ओळ वाचायची. ज्या विभागांत हे होते तिथली परीक्षेआधीची सभा लवकर संपते, हा माझा अनुभव आहे.

पाळ्यांच्या अदलाबदलीची नोंदही हवी. तोंडी ठरलेली अदलाबदल परीक्षा विभागाला कळत नाही, आणि एखाद्या सकाळी पेपर सुरू व्हायला दहा मिनिटे उरलेली असताना वर्गात कोणीच नसते. दोघांच्या सह्यांचा अर्ज परीक्षा विभागाकडे आदल्या दिवशी दिल्याशिवाय बदल ग्राह्य धरला जाणार नाही, हा नियम सभेने एकदा संमत करून नोंदवला की प्रत्येक वेळी समजूत घालावी लागत नाही. तसेच ज्यांचा जवळचा नातेवाईक त्या परीक्षेला बसला आहे, त्यांनी वाटपापूर्वी लेखी कळवावे. इतिवृत्तात एवढेच लिहावे की असे निवेदन आले व त्यानुसार नेमणूक केली. विद्यार्थ्याचे नाव लिहू नये.

कारण काही गोष्टी या नोंदवहीत येताच कामा नयेत. प्रश्नपत्रिका कोणी काढली, कोणाची परिनियमनासाठी नेमणूक झाली, हे गोपनीय असते आणि ते गोपनीयच राहिले पाहिजे. कार्यभार कमी देण्याचे कारण म्हणून “प्रा. ब यांना यासाठी वेळ लागतो” असे सद्भावनेने लिहिले तरी गोपनीयता गेलीच. सहकाऱ्याचा आजार लिहू नये. “वैद्यकीय कारणास्तव, प्रमाणपत्र प्राचार्यांकडे सादर” एवढे पुरते. गैरप्रकार करताना सापडलेल्या विद्यार्थ्याचे प्रकरण त्या समितीच्या फाइलीत जाते. अनुदानित महाविद्यालयाचे इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागितले जाऊ शकते, आणि ते लिहिताना हे ध्यानात असले तर नको ते शब्द आपोआप गळतात.

मतभेद मात्र जरूर लिहावेत. “सर्वानुमते” हा शब्द आपल्याकडे सवयीने पडतो. एका शिक्षकाचा विरोध असताना तो शब्द लिहिला, तर त्या शिक्षकाने पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना आक्षेप घ्यायलाच हवा. भिन्नमत एक-दोन वाक्यांत, शक्यतो त्याच्याच शब्दांत आणि विशेषणे न लावता लिहावे. “प्रा. अ यांनी निदर्शनास आणले की सलग तीन सत्रे शनिवारची प्रात्यक्षिके त्यांच्याकडे आहेत. पुढील सत्रात फेरपालट करण्याचे ठरले.” एवढ्याने त्या माणसाचे म्हणणे जपले जाते.

दुरुस्तीची रीत जुनीच आहे, पण संगणकामुळे ती विसरली जाते आहे. सही झालेल्या इतिवृत्तातला आकडा चुकला असेल तर जुन्या पानावर खाडाखोड करायची नाही, पांढरा रंग लावायचा नाही, आणि सुधारलेली प्रत छापून जुनीच्या जागी लावायची तर मुळीच नाही. पुढील सभेत पहिल्या विषयाखाली लिहायचे: “दि. ५ जुलैच्या सभेतील विषय क्र. ३ मध्ये ‘२० तास’ ऐवजी ‘१६ तास’ असे वाचावे. या दुरुस्तीसह इतिवृत्त कायम करण्यात आले.” दोन्ही पाने जागेवर राहतात आणि चूक कधी लक्षात आली तेही कळते. सभा न घेता मोबाइलच्या गटावर संदेश पाठवून घेतलेले निर्णय हल्ली फार वाढले आहेत. एखाद्याची आई अचानक आजारी पडते आणि पाळी तासाभरात बदलावी लागते, तेव्हा दुसरा मार्गही नसतो. असे निर्णय पुढच्या सभेत कार्योत्तर मंजुरीसाठी ठेवावेत आणि त्यांची मूळ तारीख लिहावी. संदेश फोनबरोबर जातो.

छापील पाने नोंदवहीत चिकटवायची असतील तर पानाची कड आणि वहीचे पान यांवर मिळून सही करावी, पाने क्रमांकित असावीत आणि उरलेली कोरी जागा रेघ मारून बंद करावी. विभागप्रमुख बदलताना रसायनांची, उपकरणांची, किल्ल्यांची यादी हस्तांतरित होते. त्या यादीत इतिवृत्ताच्या नोंदवह्या शेवटच्या पानाच्या क्रमांकासह लिहिल्या जाव्यात, आणि घेणाऱ्याने सही करण्याआधी निदान मागच्या दोन सत्रांची कार्यभाराची नोंद त्या वेळच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावी. तफावत सापडली तर देणारा अजून समोर बसलेला असतो, त्याला विचारता येते.